12.75 लाखांवर पन्नास हजारांची वाढ: घ्यावी की नाही?

«मिहानमध्ये नोकरी, पगार वर्षाला बरोबर 12.75 लाख, नवी करप्रणाली, टॅक्स शून्य. आता 50 हजारांची वाढ मिळतेय. एक सहकारी म्हणतो, घेतली तर हातात कमी येईल. दुसरा म्हणतो, स्लॅब ओलांडला तरी फक्त वरच्या रकमेवर टॅक्स लागतो, तोटा होऊच शकत नाही. खरं कोणाचं?»

दुसरा सहकारी स्लॅबबद्दल बरोबर बोलतोय, पण तुमच्या बाबतीत पहिला जिंकतो. काहून, ते आकड्यांतच बघा. हिशेब आर्थिक वर्ष 2025-26 चा आहे.

वाढीनंतर पगार 13.25 लाख. त्यातून स्टँडर्ड डिडक्शनचे 75 हजार गेले, करपात्र उत्पन्न 12.50 लाख. पहिल्या चार लाखांवर काही नाही. चार ते आठ लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000. आठ ते बारा लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000. उरलेल्या पन्नास हजारांवर 15 टक्क्यांनी 7,500. एकूण 67,500.

आतापर्यंत तुमचा टॅक्स शून्य होता तो स्लॅबमुळे नाही. बारा लाखांवरही स्लॅबप्रमाणे 60,000 निघतातच. ते कलम 87ए च्या रिबेटने माफ होत होते. उत्पन्न बारा लाखांच्या वर सरकलं की तो रिबेट पूर्णच जातो. मग एका रुपयासाठी साठ हजार भरायचे का? तसं होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त टॅक्स नाही. तुमचं वरचं उत्पन्न पन्नास हजार, म्हणून 67,500 ऐवजी 50,000. त्यावर 4 टक्के सेस, 2,000. भरायचे 52,000.

म्हणजे वाढ पन्नास हजारांची आणि टॅक्स बावन्न हजारांचा. दोन हजार खिशातूनच गेले. प्रोफेशनल टॅक्सचे 2,500 दोन्हीकडे सारखेच, ते मी धरलेले नाहीत.

सरासरी दर काढला तर 52,000 भागिले 12.50 लाख, म्हणजे 4.16 टक्के. दिसायला किती गरीब आकडा! पण वाढीच्या प्रत्येक रुपयावर तुम्ही 1 रुपया 4 पैसे देताय, म्हणजे सीमांत दर 104 टक्के. वाढ घ्यायची की नाही हे ठरवताना हाच दर बघायचा. सरासरी दर फक्त वर्षभरात एकूण किती भार पडला ते सांगतो.

गंमत म्हणजे 2024-25 मध्ये याच 12.50 लाखांवर 93,600 भरावे लागत होते. तेव्हा रिबेटची सीमा सात लाखांवर होती आणि या उत्पन्नाला 20 टक्क्यांचा स्लॅब लागायचा. सरासरी साधारण साडेसात टक्के, सीमांत सेससकट 20.8. सीमा सात लाखांवरून बारावर नेली, स्लॅबही बदलले, तुमचा एकूण टॅक्स 41,600 ने उतरला, आणि पुढच्या रुपयावरचा दर मात्र वीसवरून शंभरच्या पार गेला. उलट तीस लाखवाल्याचा पुढचा रुपया तेव्हाही 30 टक्क्यांत होता, आताही आहे. त्याचे फक्त खालचे टप्पे रुंद झाले, त्यात सेससकट 1,14,400 वाचले.

हा खड्डा संपतो कुठे? करपात्र 12.70 लाखांच्या जरा पुढे नेहमीचा हिशेबच कमी भरतो आणि रिलीफ संपतं. तिथून पुढे रुपयाला साडेपंधरा पैसेच जातात. आधीचा तोटा भरून निघायला करपात्र 12.74 लाख, म्हणजे पगार 13.49 लाखांपर्यंत जावं लागतं. पहिले चौऱ्याहत्तर हजार म्हणजे पाण्यात. सोळा लाखांच्या रेषेवर असं काही होत नाही, तिथे तुमचा दुसरा सहकारी शंभर टक्के बरोबर. करपात्र उत्पन्न 15.90 वरून 16.30 लाखांवर गेलं तर चाळीस हजारांतले 7,800 जातात, बाकी तुमचे.

म्हणून वाढ नाकारू नका बाप्पा, पुढच्या वर्षीची वाढ याच पगारावर मोजली जाणार. कंपनीला विचारा, हे पन्नास हजार एनपीएस या पेन्शन योजनेत कंपनीचा वाटा म्हणून टाकता येतील का. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंतची ती रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. उत्पन्न परत बारा लाख, टॅक्स शून्य. पैसा बराच काळ अडकतो, ते पटत असेल तरच करा. स्वतः भरलेले पन्नास हजार इथे चालत नाहीत, ती सवलत जुन्या प्रणालीतच.

आणि एफडीचं व्याज आजच बघा. माझ्या मुलाचा पगार तुमच्याएवढाच. कंपनीने टॅक्स शून्य धरला, आणि आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात बँकेचं 18,000 व्याज निघालं. बँकेने टीडीएस कापलेला नव्हता. रिटर्न भरताना 18,720 गेले: सगळं व्याज, वर 720.