अर्ली अ‍ॅडॉप्टर आणि लॅगार्ड: आमच्या विहिरीवरचा अनुभव

प्रश्न : नवीन प्रॉडक्ट विकताना ते लवकर घेणारे अर्ली अ‍ॅडॉप्टर आणि सगळ्यांत शेवटी घेणारे लॅगार्ड यांच्याकडे वेगवेगळ्या पद्धतीने कसं जावं? लॅगार्डवर वेळ आणि पैसा घालवावा का?

मी अकरा वर्षं सांगली जिल्ह्यात ठिबक विकलं. पहिल्या दोन वर्षांतली एक मीटिंग अजून डोक्यातून जात नाही. आमच्या एरिया मॅनेजरने तालुक्यातल्या शेतकऱ्यांची यादी फळ्यावर मांडली, शेवटच्या रकान्यावर ‘लॅगार्ड’ लिहिलं आणि म्हणाला, ‘यांच्याकडे पेट्रोल जाळू नका.’ त्या रकान्यात माझ्या थोरल्या चुलत्यांचं, अण्णांचं नाव होतं. नाव मीच दिलं होतं, कारण अण्णांनी मला तीनदा नाही म्हटलं होतं.

हेच अण्णा गावात पहिल्यांदा पॉवर टिलर आणणाऱ्यांपैकी एक. उसाची नवी जात आली की पहिल्या वर्षी चार गुंठ्यांत लावून बघणार. हा माणूस ठिबकापुरता मागासलेला कसा, हे त्या मीटिंगमध्ये मलाही विचारता आलं नाही.

कारण विहिरीत होतं. आमची विहीर तीन भावांची सामाईक. प्रत्येकाला दोन दिवस पाणी, म्हणजे पाळी परत यायला सहा दिवस. पाटपाण्याला हे चालतं, एकदा सरी भरून दिली की जमीन आठवडा काढते. ठिबकाला रोज नाहीतर एक दिवसाआड थोडं थोडं पाणी लागतं. चार दिवस मोटार दुसऱ्याची असताना ठिबक चालवायचं कसं? मधे टाकी किंवा शेततळं हवं, त्याचा खर्च वेगळा. आणि मी तर अण्णांना ‘पाणी निम्मं वाचेल’ म्हणून सांगत होतो! वाचलेलं पाणी विहिरीतच राहणार आणि पुढच्या पाळीवाला उपसणार. अण्णांनी पदरचे पैसे घालून भावांचा ऊस भिजवायचा होता का? त्यांचा नकार हिशेबाने बरोबर होता. चुकीचं माझं भाषण होतं.

इनोव्हेटर, अर्ली अ‍ॅडॉप्टर, अर्ली मेजॉरिटी, लेट मेजॉरिटी आणि लॅगार्ड, अशी वस्तू घेण्याच्या क्रमाने केलेली पाच गटांची विभागणी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये मांडली. तिचा पाया अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मक्यावरच्या अभ्यासात आहे. रायन आणि ग्रॉस या संशोधकांनी तिथल्या दोन वस्त्यांमधल्या २५९ शेतकऱ्यांना संकरित मक्याबद्दल विचारलं आणि १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. लवकर घेणाऱ्यांवर सेल्समनचा प्रभाव जास्त होता, उशिरा घेणाऱ्यांवर शेजाऱ्याचा. १९४१ पर्यंत त्या २५९ पैकी संकरित मका न घेतलेले फक्त दोघे उरले होते. रॉजर्सचे वडीलही आयोवातलेच शेतकरी. त्यांना यंत्रांची हौस, पण संकरित बियाण्याला नकार. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला आणि त्यांचा वाळला, तेव्हा ते वळले. यंत्रात पुढे आणि बियाण्यात मागे, असा एकच माणूस. म्हणजे ‘लॅगार्ड’ हा माणसाचा स्वभाव नव्हे, एका वस्तूपुरती एका माणसाची जागा आहे.

शिवाय या विभागणीत शेवटचे १६ टक्के लॅगार्ड धरतात, ते १६ टक्के कुठून येतात तेही बघा. किती वेळाने घेतलं याची सरासरी काढायची, तिच्या पुढे एक प्रमाण विचलनापलीकडचे सगळे लॅगार्ड. म्हणजे सगळ्यांनी घेऊन झाल्यावर मागे वळून आखलेली ही रेघ आहे. विक्रीच्या दुसऱ्या वर्षी फळ्यावर नावं लिहायला ती वापरणं म्हणजे निकाल लागण्याआधी नापासांची यादी लावणं.

आता अर्ली अ‍ॅडॉप्टरचं. आमच्या कंपनीने गावातल्या एका ‘प्रगतशील’ शेतकऱ्याला अर्ध्या एकराचा संच फुकट बसवून दिला आणि बांधावर मोठा फलक लावला. दोन वर्षांत त्या फलकामुळे एक संच विकला गेला नाही. लोक म्हणायचे, ‘त्याला फुकट मिळालंय, त्याचं काय जातंय.’ विक्री झाली ती सोसायटीच्या एका माजी संचालकाने स्वतःच्या पैशाने संच बसवल्यावर. त्याच्याकडे लोक यायचे आणि खरे प्रश्न विचारायचे. ड्रिपर चोक झाले का, आम्ल सोडायला वर्षाला किती खर्च येतो, उंदराने नळी कुरतडली तर जोड कसा देतोस. नावीन्याची हौस असलेला वेगळा आणि ज्याचा शब्द गावात चालतो तो वेगळा. पहिल्याला इनोव्हेटर म्हणतात, दुसऱ्याला अर्ली अ‍ॅडॉप्टर. दुसऱ्याला फुकट देऊ नका, त्याची पत जाते. त्याला वेळ द्या, हंगामाआधी माहिती द्या, आणि पहिल्या उन्हाळ्यात क्षार साचून ड्रिपर बंद पडतील तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस पाठवा. तो तक्रार पोटात घालेल, पण त्याच्याकडे बघून घेणारे घालणार नाहीत.

अण्णांचं शेवटी कसं झालं ते सांगतो. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं आणि तिन्ही भावांना एकत्र विहिरीवर बसवलं. तेव्हा शेतीला वीज आठ तास असायची. दोन दोन दिवसांची पाळी मोडून रोज प्रत्येकाला दोन तास चाळीस मिनिटं, असा बदल सुचवला. तो तिघांनी एकदम ठिबक घेतलं तरच जमणार होता, एकट्याने घेऊन उपयोग नव्हता. धाकट्या चुलत्यांनी लगेच हो म्हटलं. अण्णा गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ‘रात्रीची लाइट असली तर दारं धरायला जायला लागंल का?’ मी म्हटलं, नाही, कॉक फिरवायचा आणि घरी यायचं. अण्णा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. बॅटरी घेऊन रात्री दोन वाजता चिखलात उभं राहायचे, त्याच वर्षी उसात घोणस निघाली होती. पाणी किती वाचतं हे त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही. महिनाभरात तिघांचे संच बसले.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. उशिरा घेणाऱ्याला अर्ली अ‍ॅडॉप्टरची यशोगाथा ऐकवू नका, तो माणूस त्याला आपल्यातला वाटत नाही. त्याच्याइतक्याच जमिनीचा, तशाच पाण्याचा शेजारी दाखवा. वस्तूचे गुण नंतर. आधी तो नाही का म्हणतो ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. आमच्याकडे दहातल्या सात नकारांच्या मागे पाळी, अनुदानाचे पैसे नंतर मिळणं किंवा वाटणी न झालेला सातबारा असायचा. यातलं एकही कारण जाहिरातीने हलत नाही.

एक मात्र मान्य करतो. हातात पैसा कमी आणि माल नवा असेल तर सुरुवात अर्ली अ‍ॅडॉप्टरपासूनच करावी लागते, आणि पहिली दोन वर्षं बाकीच्यांकडे गेला नाहीत तरी चालेल. मोबाइल किंवा घड्याळ विकत असाल तर शेवटच्या गटावर खर्च न करणंही शहाणपणाचं ठरेल, कारण तिथे निर्णय एकट्याचा असतो आणि वस्तू दोन वर्षांत जुनी होते. माझा अनुभव विहिरीचा, पंपाचा, जमिनीचा. सॉफ्टवेअरचं तिथल्यांनी सांगावं.

त्या मॅनेजरला मी तिन्ही संचांची बिलं दाखवली होती. त्याने ती ‘लेट मेजॉरिटी’च्या रकान्यात टाकली आणि अण्णांचं नाव शेवटच्या रकान्यातून खोडलं. खाली उरलेल्या अकरा नावांपैकी एकाच्याही विहिरीवर तो कधी गेला नाही. पुढच्या हंगामात मी गेलो, त्यातल्या सहा विहिरी सामाईकच निघाल्या.