आजी पडली, एक्स-रे नॉर्मल, तरी जांघेत कळ

"आमची आजी (७८) काल शेवाळलेल्या खळ्यात घसरली. जांघेत दुखतं, पण लंगडत चालते. गुहागरला एक्स-रे नॉर्मल आला. तेल चोळू का?"

चोळू नका, चालवूही नका. खुब्याच्या हाडाची मान मोडून टोकं एकमेकांत रुतली, तर माणूस चालू शकतो आणि चीर एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. एमआरआयमध्ये ती दिसते, म्हणून आजच हाडांच्या डॉक्टरांना दाखवून तो करायचा का ते विचारा. जवळपास सोय नसेल तर निदान सीटी स्कॅन.

घाई एवढ्यासाठी, की रुतलेलं हाड सरकलं तर खुब्याच्या सांध्यातल्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आत्ता बहुधा स्क्रूवर भागेल, मग गोळाच बदलावा लागेल. पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर उभं न करता १०८ बोलवा.