सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, आणि मग उलट्या

"बायकोच्या अंडाशयावरची गाठ आज सकाळी दुर्बिणीतून काढली. पूर्ण भूल दिली होती. संध्याकाळी सोडलं तेव्हा छान बोलत होती, पण घरी पोचेपर्यंत दोन उलट्या झाल्या. काय द्यावं? डॉक्टरांना कधी कळवावं?"

आत्ता तासभर तिला काहीही खाऊ घालू नका, आणि डिस्चार्ज कार्ड शोधून समोर ठेवा. उलटीचं अर्धं उत्तर त्या कागदावर असतं.

मी फोंड्याला एका खाजगी इस्पितळात रिकव्हरीत नर्स होते. "इथं तर बरी होती हो!" हा फोन संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान ठरलेला. बरी होती, कारण ऑपरेशन संपता संपता सलाईनमधून उलटीचं इंजेक्शन दिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ऑन्डानसेट्रॉन. त्याचा जोर साधारण चार ते सहा तास. म्हणजे पेशंट गाडीत बसतो, तेव्हा औषध उतरणीला लागलेलं असतं. त्यात बाई, वय पन्नाशीच्या आत, दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि एरवीही बस लागणारी असेल, तर उलटीची शक्यता मुळातच जास्त.

माझ्या धाकट्या जावेचं सांगते, तुमच्यासारखंच ऑपरेशन. पणजीत झालं, घर वाळपईच्या पुढं. अकराच्या सुमाराला बाहेर आणलं, साडेचारला सोडलं. निघताना दिराने हौसेने दूध घालून चहा पाजला आणि त्यासोबत कार्डावरची दुखण्याची गोळी दिली. साखळीपर्यंत ती मोबाईल बघत होती. होंड्याला गाडी थांबवून पहिली उलटी, घराच्या पायरीवर दुसरी. घरात शिरताच सासूबाई पेज आणि तोराचं लोणचं घेऊन उभ्या. "पोटात काय नाही म्हणून होता गो तुका, खा दोन घास."

मी पोचले तेव्हा सात वाजले होते. कार्ड बघितलं. दुखण्याची गोळी म्हणजे ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र. ट्रॅमाडॉल अफूच्या जातकुळीतलं औषध, दुखणं मारतं, पण मळमळ आणतं, त्यातून रिकाम्या पोटी आणि हलत्या गाडीत जास्तच. कार्डावर उलटीची गोळी लिहिलेलीच नव्हती. असं बरेचदा होतं, घाईत राहून जातं.

तिथूनच इस्पितळात फोन लावला. ऑन्डानसेट्रॉन पावणेअकराला, शिवाय उलटीसाठीच डेक्सामेथासोन दिलेलं, ट्रॅमाडॉलची गोळी साडेचारला, उलट्या दोन, आता गुंगी नाही. एवढं सांगितल्यावर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना दोन मिनिटांत निर्णय करता आला. ट्रॅमाडॉल बंद, दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, आणि जिभेवर विरघळणारी ऑन्डानसेट्रॉन ४ मिलिग्रॅम. वेळ महत्त्वाची ती यासाठी: तेच औषध सहा तासांच्या आत पुन्हा दिलं तर फारसा उपयोग होत नाही, तेव्हा डॉक्टर वेगळ्या जातीचं देतात. जिभेवरची गोळी बरी पडते, पाण्यासोबत गिळून लगेच ओकून टाकायची भीती नाही. मात्र कोणाच्या घरात उरलेली गोळी विचारल्याशिवाय देऊ नका, विशेषतः हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर. आणि "पित्त झालंय" म्हणून दिलेली पित्ताची गोळी ही उलटी थांबवत नाही.

गोळी फार्मसीतून येईपर्यंत मी एक केलं, ते तुम्हीही करू शकता. इंजेक्शनच्या आधी पुसतात तो स्पिरिटचा बंद पुडीतला स्वॅब असतो ना, तो नाकापासून दोन बोटं खाली धरून नाकाने तीन लांब श्वास घ्यायला लावले. चार-पाच मिनिटांनी पुन्हा. मळमळ उतरते, पण थोडा वेळच. हे डोस चुकवायचं साधन नाही, वेळ काढायचं आहे.

बाकीचं सगळं शांतपणाचं काम. पाठीला उशी लावून अर्धवट बसवलं, डोळे मिटून, डोकं हलवू नको म्हटलं. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी कानातला तोल सांभाळणारा भाग चाळवलेला असतो, मान वळवली की ढवळतं. म्हणून बाथरूमला जातानाही हळूहळू उठवायचं, कुणीतरी धरून. उलटी आलीच तर पोटावर उशी दाबून धरायची, टाक्यांवर ताण कमी येतो. गुंगी असेल तर कुशीवरच निजवायचं. स्वयंपाकघरातली फोडणी बंद. सासूबाई बांगडे तळणार होत्या, ते दुसऱ्या दिवशीवर ढकललं.

उलटीनंतर अर्धा तास काही नाही. मग ओआरएसचे दोन चमचे, पाच-दहा मिनिटांनी आणखी दोन. राहिलं की थोडं वाढवायचं. भूक नसेल तर जेवणाचा आग्रह नको, रात्रभर न जेवल्याने काही बिघडत नाही, पाणी मात्र हवं. नऊला तिने स्वतः पेज मागितली, पातळ, फक्त मीठ. लोणचं आणि सोलकढी नाही, आंबट आणि नारळाचा रस रिकाम्या पोटाला जड. साडेदहाला लघवी झाली तेव्हा मी घरी गेले.

लघवीची वेळ मी मुद्दाम लिहितेय. डॉक्टरांना लगेच फोन करायच्या खुणांमध्ये ती पहिली: सहा-आठ तासांत लघवी नाही. एक तर पाणी कमी पडलंय, किंवा मूत्राशय भरून तुंबलंय, आणि तुंबलेलं मूत्राशय स्वतःच मळमळ आणतं. घोटभर पाणीही टिकत नसेल, किंवा उलटीच्या औषधानंतरही उलट्या चालूच राहिल्या, तर सकाळची वाट बघू नका. मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल, तर पहिल्याच उलटीनंतर विचारा, कारण न जेवता ते घेतलं तर साखर खाली जाते.

रिकाम्या पोटी थोडं पिवळं पाणी पडणं वेगळं. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळं दिसलं, हिरवी उलटी परत परत होऊन पोट फुगत चाललं आणि वायू सरत नसेल, ताप १००.४ च्या वर गेला, किंवा दुखणं गोळीनेही वाढतच राहिलं, तर मध्यरात्र असली तरी उचला आणि न्या. खांदा दुखणं मात्र ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूचं असतं, ते एकटं असेल तर घाबरू नका. पेशंट जागा होत नाही, श्वास खूप हळू चालतोय, छातीत दुखतंय किंवा दम लागतोय, अशा वेळी फोन इस्पितळाला नाही, १०८ ला.

आणखी एक, दुर्बिणीच्या ऑपरेशनवाल्यांनी खास लक्षात ठेवायचं. भुलेची मळमळ तासागणिक कमी होत जाते, बहुतेकांची चोवीस तासांत ओसरते. एक दिवस छान गेला, जेवली, फिरली, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पुन्हा उलट्या, पोटदुखी, ताप सुरू झाला, तर त्याला भूल कारण नाही. आतड्याला इजा झाली असेल तर असंच होऊ शकतं. तेव्हा घरच्या वैद्यांना किंवा फार्मसीवाल्याला विचारत बसू नका, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. ते भेटत नसतील तर बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत.