अर्जाच्या मेलच्या वरच्या दोन ओळी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चाकणला शीट मेटल पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, 4 वर्षं झाली. सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या पोस्टसाठी मेल टाकतोय. वर लिहितो, "डायनॅमिक, हार्डवर्किंग आणि रिझल्ट ओरिएंटेड क्वालिटी प्रोफेशनल, स्वतःला सिद्ध करण्याची संधी शोधतोय." एकही रिप्लाय नाही. काय चुकतंय?

तुमच्या बॅचमधल्या कुणाचंही नाव खाली टाका, वाक्य तसंच्या तसं चालतं, तिथेच गडबड आहे. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बरीच वर्षं भरतीचं काम केलं, तर आधी तुमच्या मेलचं पुढे काय होतं ते सांगतो. एचआरमधली मुलगी तो उघडते, बऱ्याचदा फोनवरच, पोस्ट आणि अनुभव जुळतोय का बघते, आणि जुळला तर "सर प्लीज चेक" एवढं लिहून डिपार्टमेंट हेडला फॉरवर्ड मारते. हेडसाहेब प्रॉडक्शन मीटिंगमधून बाहेर येता येता मेल बघतात, अटॅचमेंट उघडायला त्यांना कंटाळा असतो, मेलमध्ये समोर दिसतं तेवढंच वाचतात. म्हणजे त्या दोन ओळी दोन वेगळी माणसं वाचतात. पहिली ओळ एचआरसाठी लिहायची: शिक्षण, किती वर्षं, कुठल्या कामात, कुठल्या पोस्टसाठी. दुसरी हेडसाठी, त्यात स्वतः केलेलं एकच काम, आधी काय होतं आणि नंतर काय झालं यासकट.

हे कळवल्यावर तुम्ही दुसरा ड्राफ्ट पाठवलात त्यात आयएटीएफ 16949, पीपॅप, एफएमईए, एमएसए, एसपीसी, 8डी सगळं एका ओळीत कोंबलं होतं. राग मानू नका, पण ऑटोच्या क्वालिटीवाल्याला हे येत असणारच असं हेड धरूनच चालतो, भटजींनी बायोडेटात "पूजा येते" लिहावं तसं झालं ते. एचआरला तर त्यातली निम्मी अक्षरं कळतही नाहीत. ती यादी सीव्हीत राहू द्या.

मग मी विचारलं की गेल्या दोन वर्षांत कुठलं लफडं तुम्ही निस्तरलंत, तेव्हा कुठे ब्रॅकेटची गोष्ट बाहेर आली. एका ब्रॅकेटवर 12 स्पॉट वेल्ड, ऑपरेटर घाईत एखादा स्पॉट विसरायचा, कस्टमरकडून महिन्याला 3-4 वेल्ड मिसिंगच्या कंप्लेंट. आधी इन्स्पेक्शनला माणूस वाढवला, तरी पार्ट निसटायचे, कारण दिवसभर स्पॉट मोजत बसलं की डोळा चुकतोच. मग फिक्स्चरला वेल्ड काउंटर लावला, 12 मोजून झाल्याशिवाय क्लॅम्पच उघडणार नाही अशी पोका-योके केली, आणि पुढचे 8 महिने एकही कंप्लेंट नाही. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही सहज लिहिलंत की तो ब्रॅकेट तुमच्याकडे नाही, भोसरीच्या व्हेंडरकडे बनतो आणि हे सगळं तुम्ही तिकडे जाऊन करून घेतलंत! अहो, सप्लायर क्वालिटीचं काम म्हणजे हेच ना, व्हेंडरच्या शॉपवर जाऊन त्याच्या माणसांकडून करून घेणं. तेच तुम्ही बिनकामाचं समजून गाळत होतात.

तर असं लिहा:

"डिप्लोमा मेकॅनिकल, शीट मेटल आणि स्पॉट वेल्डिंग पार्ट्सच्या क्वालिटीत 4 वर्षं, सध्या चाकण, तुमच्या सप्लायर क्वालिटी इंजिनिअर पोस्टसाठी अर्ज करतोय.
व्हेंडरच्या एका ब्रॅकेटवर महिन्याला 3-4 वेल्ड मिसिंग कंप्लेंट यायच्या, त्यांच्या शॉपवर काउंटर इंटरलॉक बसवून घेतला, नंतरचे 8 महिने शून्य."

यात टक्के नाहीत ते मुद्दाम. "कंप्लेंट 100% कमी केल्या" म्हटलं की वाचणारा लगेच म्हणतो, कितीच्या 100%? किती होत्या, किती राहिल्या, किती महिने टिकलं हे तीन आकडे दिले की तो प्रश्न उरत नाही, आणि इंटरव्ह्यूत "काउंटर कुठला लावला, ऑपरेटर बायपास करत नव्हता का" असं खरं बोलणं सुरू होतं. कस्टमरचं आणि व्हेंडरचं नाव मात्र टाकू नका. आज त्यांचं नाव फोडणारा उद्या आमचंही फोडेल, असं हेडच्या मनात येतंच. आणि हाच मेल उद्या लाइन क्वालिटीच्या पोस्टला टाकलात तर दुसरी ओळ बदला, व्हेंडरची गोष्ट तिथे तेवढी कामाची नाही, स्वतःच्या लाइनवरचं काहीतरी काढा.

प्रश्न: एम.एस्सी. ॲनालिटिकल केमिस्ट्री, यंदाच पास, राहते चिपळूणला. लोटे एमआयडीसीत क्यूसी केमिस्टसाठी मेल करायचाय. अनुभवच नाही तर दुसऱ्या ओळीत काय घालू, "क्विक लर्नर" चालेल का?

नाही चालणार, त्यापेक्षा ओळ रिकामी सोडलेली बरी. लॅबमध्ये स्वतःच्या हातानं काय केलंत ते घाला. तुम्ही पुढे लिहिलंयत की प्रोजेक्टला गावातल्या 20 विहिरींच्या पाण्याचा हार्डनेस पावसाआधी आणि पावसानंतर ईडीटीए टायट्रेशननं काढला होता, मग तेच की! "20 विहिरींचं पाणी पावसाआधी आणि नंतर, प्रत्येक नमुना तीनदा टायट्रेट, रीडिंग जुळली नाहीत तर पुन्हा" असं लिहिलंत की क्यूसीवाल्याला कळतं की ही मुलगी रीडिंग मारून नेणारी नाही. अर्थात तीनदा खरंच केलं असेल तरच लिहा.

एचपीएलसीचं जपून. कॉलेजात डेमो पाहिला असेल तर वरच्या दोन ओळींत तो नको, कारण पहिलाच प्रश्न येतो, कॉलम कुठला होता आणि मोबाइल फेज काय होती, तिथे अडखळलात की विहिरींवरचाही विश्वास उडतो. पहिल्या ओळीत डिग्री, पासिंगचं वर्ष आणि चिपळूणला राहते हे नक्की येऊ द्या, प्लँटवाल्यांना जवळचं माणूस हवंच असतं, आणि शिफ्ट चालणार असेल तर तेही तिथेच.

प्रश्न: इचलकरंजीत अकाउंट्स बघतो, 6 वर्षं. आमच्या कामात "इतकं वाढवलं, तितकं कमी केलं" असं काही नसतं, आणि मालकाचा टर्नओव्हर तर सांगता येत नाही. मग आकडा आणायचा कुठून?

टर्नओव्हरला हातच लावू नका. अकाउंटंटचा आकडा म्हणजे कामाचा पसारा आणि तारखा. किती फर्मचं बघता, महिन्याला साधारण किती बिलं एंट्रीला येतात, आणि रिटर्न वेळेत जातात का. मंथली रिटर्नवाल्यांची जीएसटीआर-1 ची तारीख 11 आणि 3बी ची 20, हे नोकरी देणाऱ्यालाही माहीत असतं, त्यामुळे "3 फर्म, महिन्याला साधारण 400 बिलं, गेल्या 2 वर्षांत लेट फी एकदाही नाही" एवढं वाचलं तरी समोरच्या मालकाचा जीव भांड्यात पडतो. पण पोर्टलवर एकदा जरी लेट फी लागली असेल तर तो तुकडा काढा, हे तपासणं अवघड नसतं.

दुसरा पर्याय म्हणजे 2बी. सप्लायरनं आपलं बिल त्याच्या जीएसटीआर-1 मध्ये दाखवलंच नाही तर ते 2बीत येत नाही आणि इनपुट क्रेडिट अडकतं. "दर महिन्याला खरेदी 2बीशी जुळवतो, 3बी भरण्याआधी सुटलेल्या बिलांसाठी पार्टीला फोन करतो" असं लिहिलं तर त्यात एकही आकडा नाही, तरी ज्याचं क्रेडिट अडकलंय तो मालक तुम्हाला आधी बोलावेल. टॅली प्राइम पहिल्या ओळीत एकदा आलं की बास.

प्रश्न: 2017 ते 2022 पुण्यात मॅन्युअल टेस्टिंग केलं, मग मुलीमुळे ब्रेक घेतला. आता परत अर्ज करतेय. गॅप वरच सांगू की कुणी विचारेपर्यंत गप्प राहू? माझ्या बहिणीचं म्हणणं गप्प राहा.

ताईंशी माझं जमणार नाही. सीव्हीत 2022 वर काम थांबलेलं एचआरला दिसतंच, आणि मेलमध्ये त्याचा उल्लेख नसला की तिला वाटतं काहीतरी लपवताय. पहिल्या ओळीच्या शेवटी मोजकेच शब्द, "2022 पासून ब्रेक, लगेच जॉइन होऊ शकते". कारण लिहू नका, सॉरीचा सूर तर अजिबात नको. दुसरी ओळ जुन्या कामाचीच ठेवा, बिनधास्त. बँकिंग ॲपवर होतात म्हणता, तर रिलीजच्या आधी पकडलेला एखादा बग आठवा जो कस्टमरपर्यंत गेला असता तर पैशाचा घोळ झाला असता, आणि तो कुठल्या पायऱ्यांनी सापडला ते अर्ध्या वाक्यात. ब्रेकमध्ये केलेले कोर्स खाली सीव्हीत, वर घेतले तर सगळं लक्ष परत गॅपकडेच जातं.

प्रश्न: "डिअर सर, होप यू आर डुइंग वेल" च्या आधी लिहायचं की नंतर? आणि मराठीत की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत त्याच भाषेत. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना बहुतेकदा इंग्रजी, मग मी वर दिलेलंच साध्या इंग्रजीत लिहा, अलंकार नकोत. पतसंस्था किंवा शाळेची जाहिरात मराठीत आली असेल तर बिनदिक्कत मराठी.

"डिअर सर" राहू द्या, माणुसकी आहे ती, आणि नाव माहीत असेल तर नाव. "होप यू आर डुइंग वेल" मात्र उडवा, कारण फोनच्या इनबॉक्समध्ये सब्जेक्टखाली मजकुराची जेमतेम एक ओळ दिसते आणि ती तुमच्या हालहवालातच संपते. पोस्टचं नाव सब्जेक्टमध्ये असूच द्या, आणि पहिल्या ओळीची सुरुवात डिग्री किंवा अनुभवानं करा, "मी आपल्या जाहिरातीच्या संदर्भात" नं नको. आणि हो, लॅपटॉपवरच्या दोन ओळी फोनवर पाच-सहा होतात, त्यामुळे दोन्ही मिळून 40-45 शब्दांच्या वर जाऊ नका. मेल आधी स्वतःलाच पाठवा, फोनवर न उघडता नुसता इनबॉक्समध्ये बघा, तिथे तुमचं काम दिसतंय की नुसता नमस्कार ते लगेच कळेल, मग पुढे पाठवा.