‘शेक’ दिला आणि ‘उष्णता पडली’

प्रश्न: आमच्याकडे सिडकोत (नाशिक) किमो चालू असलेल्या माणसाचे केस गेले, तोंड आलं, जुलाब लागले, की सगळे म्हणतात ‘किमोची उष्णता पडली’. रेडिएशनला तर सरळ ‘शेक देणं’च म्हणतात. हे शब्द बरोबर आहेत का? खरंच उष्णतेनं होतं का हे?

‘शेक’ चालू द्या, ‘उष्णता’ सोडा, असं माझं मत.

शेकाचं आधी उरकतो. रेडिएशनचा रोजचा डोस साधारण २ ग्रे असतो. तेवढ्यानं शरीराचा तो भाग तापतो एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतका, म्हणजे काहीच नाही. तरी कातडी भाजल्यासारखी लाल होते, पण ती दोन-तीन आठवड्यांनी. तव्याचा चटका असा पंधरा दिवस थांबत नाही. किरण पेशीच्या डीएनएचे तुकडे करतात, आणि अशी पेशी पुष्कळदा लगेच मरत नाही, दोन होऊ पाहते तेव्हा मरते. कातडीचा वरचा थर रोज झिजत असतो. खालून नवा भरणं थांबलं की मग लाली दिसते. शिवाय किरणांचा परिणाम पडले तिथेच होतो. ओटीपोटाला शेक दिला तर जुलाब होतील, डोक्यावरचे केस जाणार नाहीत. शब्द चुकीचा असला तरी रुळलाय आणि त्यानं कुणाचं बिघडत नाही.

किमोचं औषध रक्तातून सगळीकडे जातं. बहुतेक जुनी औषधं डीएनएची नक्कल किंवा पेशीचं विभाजन अडवतात. गाठीतली पेशी आणि घरची पेशी असा भेद त्यांना कळत नाही. विभाजन चालू असलेली पेशी सापडली की तडाखा. म्हणून केसांचे कंद, आतड्याचं अस्तर, तोंडाची आतली त्वचा आणि रक्त तयार करणारी मज्जा यांना सगळ्यात जास्त झळ लागते. प्रत्येकाची वेळ मात्र वेगळी असते, आणि उष्णतेच्या कल्पनेत नेमकं हेच बसत नाही.

स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध सायक्लोफॉस्फमाइडबरोबर देतात. समजा, ते सोमवारी दिलं. त्याच संध्याकाळी उलटी झाली तर तिचा पेशी मरण्याशी फारसा संबंध नाही. आतड्यातून सेरोटोनिन सुटतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. आतड्याच्या अस्तरातल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. तिथून नव्या पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत झडून जातात. तळाचं उत्पादन थांबलं तरी वरचा जुना माल काही दिवस पुरतो, मग अस्तर उघडं पडतं आणि जुलाब लागतात. तोंड येतं तेही असंच, साधारण आठवड्याभरानं.

केस जायला दोन-तीन आठवडे लागतात. डोक्यावरचे दहातले आठ-नऊ केस कुठल्याही वेळी वाढीत असतात, आणि त्यांच्या कंदातल्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगानं वाढणाऱ्यांपैकी आहेत. औषध लागलं की तयार होणारा केस निमुळता होत जातो आणि बारीक जागी तुटतो. उशीवरचा केस उजेडात धरून पाहा: मुळाकडचं टोक बहुधा अणकुचीदार असतं. टायफॉइडनंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणाऱ्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसते, कारण तो वाढ संपवून मुळापासून सुटलेला असतो. किमोत कंदाच्या मूळ पेशी सहसा वाचतात, म्हणून औषध संपल्यावर केस परत येतात, कधीकधी कुरळे. सगळ्याच औषधांनी केस जातात असंही नाही.

उष्णतावाल्यांचा आवडता पुरावा म्हणजे बर्फ. फ्लुरोयुरॅसिल या किमोच्या औषधाचं इंजेक्शन झटक्यात देताना तोंडात अर्धा तास बर्फ चघळला तर तोंड कमी येतं, हे खरं आहे. पण बर्फानं उष्णता ‘मारली’ जात नाही. रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध रक्तात जोरात असतं त्या थोड्या वेळात ते तोंडापर्यंत कमी पोचतं. दुसऱ्या दिवशी चघळलेल्या बर्फाचा तसा काही उपयोग नाही. गुलकंद-सब्जाचंही तेच.

मी या शब्दावर अडून बसतो त्याचं कारण मज्जा. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत अंग तापलं तर घरात ‘उष्णताच ती’ म्हणून सब्जा भिजत घालतात आणि सकाळची वाट पाहतात. थर्मामीटरनं १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त दाखवलं, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो आणि लढायला पेशीच नसल्यानं काही तासांत जिवावर बेतू शकतो. पू होत नाही, घसा फारसा लाल दिसत नाही, कारण तेही पांढऱ्या पेशींचंच काम. घरची तापाची गोळी देऊन आकडा खाली आणू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करावा आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला ते आधी सांगावं.