एसी सुरू करताच येणारा कुबट वास

आपल्या स्प्लिट एसीला सुरुवातीची काही मिनिटेच कुबट वास येत असेल, तर दोष बहुधा गॅसचा नसून, ओलसर कॉइलवर बसलेल्या धुळीत आणि कॉइलमागच्या लांबट ब्लोअरवर वाढलेल्या बुरशीचा असतो, म्हणून नुसती जाळी धुऊन तो जात नाही. मेन स्विच बंद करून झडपेतून टॉर्चने पाहावे. ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसल्यास तो तंत्रज्ञाकडूनच धुऊन घ्यावा, कारण घरी पाणी मारताना ते सर्किटवर उडण्याची भीती असते. कॉइलवरची धूळ मात्र मास्क लावून, मऊ ब्रशने, कॉइलच्या पातळ पात्यांच्या उभ्या दिशेने हलकेच काढता येते. आडवा ब्रश फिरवला की पाती वाकतात. ब्लीच कटाक्षाने टाळावे, त्याने अ‍ॅल्युमिनियम खराब होते. त्यानंतर रोज एसी बंद करण्यापूर्वी 15-20 मिनिटे फक्त फॅन मोडवर चालवावा, म्हणजे कॉइल वाळते.