आवाज आणि गिटार एकत्र आले की गढूळ का होतं?

प्रश्न: "घरी एक भावगीत रेकॉर्ड केलंय, पुरुष आवाज आणि अकूस्टिक गिटार, पट्टी काळी एक. वेगवेगळं ऐकलं तर दोन्ही छान, एकत्र लावलं की सगळं गढूळ. हाय-पास फिल्टर दोन्हीवर २०० पर्यंत नेला. आता आवाज पत्र्यासारखा झाला आणि गढूळपणा आहे तिथेच आहे. काय करू?"

हाय-पास आधी खाली आणा. गढूळपणा बहुतेक वेळा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो आणि हाय-पासचं काम त्याच्या खालचं आहे: पंख्याची घरघर, माइक-स्टँडला लागलेला धक्का, 'प' आणि 'ब'चे फुत्कार. त्याच फिल्टरने गढूळपणाही काढायला गेलात की आवाजाचा पाया जातो आणि मधला चिखल तसाच राहतो.

काळी एकमध्ये मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो आणि मंद्र पंचम १०४ ला. गायक मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर आवाजावर ८० हर्ट्झचा, १२ डीबी प्रति सप्तक उताराचा फिल्टर पुरतो. त्याने तो पंचम जेमतेम सव्वा डीबीने कमी होतो. तोच फिल्टर १५० ला नेला तर सात डीबी जातात. सूर ऐकू येतो, कारण वरचे स्वरांश शिल्लक असतात, पण छातीतून येणारा भाग राहत नाही. गाणं संपूर्ण लावून फिल्टर हळूहळू वर न्या, आवाज बारीक वाटला की वीसेक हर्ट्झ मागे या. आकडा पट्टीप्रमाणे बदलेल, माझा जसाच्या तसा उचलू नका.

हे इतकं ताणून सांगतोय कारण याच गोष्टीने माझी एक अख्खी ध्वनिफीत वाया गेली. एका स्टुडिओत (नाव घेत नाही) रेकॉर्डिंगच्या वेळीच माइकवरचं लो-कटचं, म्हणजे हाय-पासचंच, बटण दाबलेलं होतं आणि प्रीअँपवरचंही चालू होतं. कच्चे ट्रॅक मागितले तर तेच हातात आले, वर "मिक्समध्ये सगळं होतं" हे उत्तर. होत नाही! खालचा भाग इक्यूने उचलला की आवाजाआधी एसीची घरघर वर येते. शेवटी गायकाला पुन्हा बोलवावं लागलं, दुसऱ्यांदा पैसे भरले आणि पहिल्या दिवशीचा गळा काही मिळाला नाही. रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी ती दोन्ही बटणं स्वतः डोळ्यांनी बघा. कट नंतर हवा तेवढा करता येतो.

आता खरा गढूळपणा. गाणं चालू असताना गिटार म्यूट करा. आवाज लगेच मोकळा झाला तर कट गिटारवर करायचा. तुमच्या गाण्यात मला तीच शंका आहे. काळी एकचा मध्य पंचम २०८ हर्ट्झच्या आसपास येतो आणि बऱ्याच मोठ्या अंगाच्या गिटारींची वरची फळी २०० च्या आगेमागेच घुमते. गिटारवादकाने चौथ्या पडद्यावर कॅपो लावून ए-चे आकार धरले असतील तर त्या कॉर्डमध्येही तोच सूर आहे. म्हणजे गायक पंचमावर थांबला की तिघांची गर्दी एकाच जागी. गिटारवर २१० च्या जवळ तीन-चार डीबी कमी करा, क्यू दीडच्या आसपास. या कॅपोने गिटारचा सर्वांत खालचा सूर १०४ च्या आसपास आहे, त्यामुळे तिचा हाय-पास ९०-१०० ला ठेवता येईल. आवाजावर त्याच जागी कट करू नका, नाहीतर तिथे खड्डा पडतो. आवाजावर फार तर ३०० ते ३५० मध्ये दोन डीबी, तेही गिटार आवरल्यावर गरज उरली तरच.

जागा शोधायला लोक बारा डीबीचा टोकदार बूस्ट फिरवतात. मला ही पद्धत पटत नाही. तेवढा वाढवला तर कुठलाही भाग वाईटच वाटतो आणि भलतीकडे सहा-सात कट होऊन बसतात. चार-पाच डीबी पुरे, आणि दोन्ही ट्रॅक चालू ठेवून. सोलोमध्ये केलेला कट सोलोपुरताच खरा असतो. नंतर इक्यू बायपास करून बघताना दोन्ही पातळ्या सारख्या करा, कारण मोठं असतं ते नेहमीच बरं वाटतं.

काही ओळींतच आवाज जाड होत असेल तर गायक तिथे माइकच्या जवळ सरकला असणार. कार्डिऑइड माइक जवळून खालचा भाग फुगवतो. त्यासाठी गाणंभर कट नको, त्या ओळींपुरतं ऑटोमेशन करा. गिटारवर दोन माइक असतील तर हाय-पास दोन्हींवर एकसारखाच लावा. फिल्टर फेजही हलवतो, आणि एकावरच लावला तर दोन्ही मिळून खालचा भाग पोकळ होऊ शकतो.

मी घरच्या खोलीत, हेडफोनवर काम करणारा माणूस आहे. मोठ्या वाद्यवृंदाचं मिक्स मला माहीत नाही. पण गिटार पुन्हा वाजवून घेणं शक्य असेल तर माइक साउंडहोलसमोरून काढून बाराव्या पडद्याकडे, वीसेक सेंटिमीटरवर ठेवा. इक्यूला हात लावण्याआधी हे करून बघा, वरच्यातले निम्मे कट कदाचित लागणारही नाहीत.